नकाराला लागणारा टेकू

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारात एकाच सकाळी तीन भाषांत ‘मी येत नाही’ ऐकू येऊ शकतं. मराठी माणूस तेच म्हणेल, मी येत नाही. बालाघाटकडून आलेला व्यापारी म्हणेल, मैं नहीं आता. आणि एखादा गोंड शेतकरी म्हणेल, नना हिल्ले वायोन.

आता या तीन वाक्यांतले नकार मोजून पाहा. मराठीत एक, हिंदीत एक. गोंडीत दोन आहेत. ‘हिल्ले’ म्हणजे नाही, हे सरळ आहे. पण ‘वायोन’ या एकट्या शब्दाचा अर्थही ‘मी येत नाही’ असाच होतो. म्हणजे गोंडी माणूस नुसतं ‘नना वायोन’ म्हणाला तरी तो येणार नाही हे पक्कं कळतं. तरी वर ‘हिल्ले’ आहेच. गणितात दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन होतो. भाषेत मात्र इथे दोन नकार मिळून एकच नकार झाला आहे, आणि कोणाचाही गोंधळ उडत नाही.

हा गोंडीचा लहरीपणा नाही. जगातल्या कितीतरी भाषा या टप्प्यातून गेल्या आहेत. आधी एक नकार, मग दोन, मग पुन्हा एकच, पण तो पहिला नव्हे, नंतर आलेला. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ साली इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावर एक पुस्तिका लिहिली आणि हे चक्र नेमकं मांडून दाखवलं. पुढे १९७९ साली स्वीडनच्या ओस्टेन डाल यांनी त्याला ‘येस्पर्सनचं चक्र’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं.

येस्पर्सनचं म्हणणं थोडक्यात असं. नकार हा वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द, पण तो असतो बारीकसा, ‘न’ किंवा ‘ने’ एवढाच. बोलण्याच्या ओघात तो पुसट होतो. ऐकणाऱ्याला तो निसटला तर अर्थ थेट उलटा होतो. म्हणून बोलणारा त्याला दुसऱ्या शब्दाचा टेकू देतो. काही शतकांनी टेकू हाच खांब होतो आणि मूळ खांब गळून पडला तरी छप्पर जागचं हलत नाही.

फ्रेंचमध्ये हे सगळं लेखी पुराव्यानिशी पाहता येतं. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाआधी ‘न’ हा एकच नकार होता. जोर द्यायचा झाला की लोक त्याच्या जोडीला एखादी क्षुल्लक वस्तू आणत. थेंबही प्यायलो नाही, पावाचा कणही खाल्ला नाही, पाऊलभरही चाललो नाही. यातलं पाऊल म्हणजे ‘पा’. सुरुवातीला ते चालण्याच्याच क्रियापदांसोबत शोभत होतं. मग पाऊल न उचलता होणाऱ्या गोष्टींसोबतही ‘पा’ येऊ लागलं. खाण्यासोबत, बोलण्यासोबत, झोपण्यासोबत. पाऊलभर झोपलो नाही असं कोणी म्हणू लागलं, तर त्या शब्दातून चालणं निघून गेलं असंच समजायचं. पुढे ‘न’ आणि ‘पा’ ही जोडी सक्तीची झाली. पाठ्यपुस्तकात आजही तीच शिकवतात. पण बोलताना फ्रेंच माणूस ‘न’ बहुधा गाळतो आणि एकट्या ‘पा’वर भागवतो. पाऊल हा नकार होऊन बसला आहे. गंमत अशी की पाऊल या अर्थाचं ‘पा’ हे नामही त्याच भाषेत शाबूत आहे आणि दोघांची गल्लत होत नाही.

हे चक्र एकदाच फिरलं असंही नाही. फ्रेंचचा तो ‘न’ लॅटिनच्या ‘नोन’मधून आला, आणि ‘नोन’ हा स्वतःच जुन्या ‘ने’ला ‘एक’ या अर्थाचा शब्द चिकटून बनलेला आहे, एकही नाही. इंग्रजीचंही तसंच. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी ‘ने’ होता, मध्ययुगात आधी ‘ने’ आणि नंतर ‘नॉट’ असे दोन झाले, मग ‘ने’ गळून ‘नॉट’ उरला. हा ‘नॉट’ मुळात ‘काहीही वस्तू नाही’ अशा अर्थाचा लांबलचक शब्द होता. आता तोही आखडून ‘डोन्ट’च्या शेपटीत जाऊन बसला आहे. पुन्हा बारीक, पुन्हा पुसट.

आवाज झिजतो म्हणून टेकू लागतो, हे येस्पर्सनचं उत्तर मला निम्मंच पटतं. उरलेलं अर्धं माणसाच्या स्वभावात आहे. समोरच्याला आधीच काही वाटत असेल आणि ते खोडायचं असेल, तेव्हाच आपण जोर देतो. कोणी सहज विचारलं, पैसे घेतलेस का, तर ‘नाही’ पुरतं. त्याने दुसऱ्यांदा संशयाने विचारलं तर आपण म्हणतो, एक दमडी घेतली नाही. पण जोरकस बोलणं सगळ्यांनाच आवडतं. जो तो प्रत्येक वाक्यात दमडी आणू लागला की दमडीचा जोर ओसरतो, आणि साधं ‘नाही’ म्हणजे अर्धवट नकार वाटू लागतो. मग जोराचा शब्द हाच साधा शब्द होतो. आवाज झिजण्याची वाट कोणी पाहत बसत नाही.

आपल्या मराठीत दमडी, काडी, तीळ, कण, रती, थेंब, कवडी असा टेकूंचा साठा भरपूर आहे. मग मराठीत यातलं कोणी नकार होण्याच्या वाटेवर आहे का? हे तपासायला दोन चाचण्या पुरतात. पहिली, तो शब्द मूळ अर्थाशी न जुळणाऱ्या क्रियापदासोबत येतो का? ‘त्याला काडीची अक्कल नाही’ चालतं, पण ‘मी काडीचा झोपलो नाही’ कोणी म्हणणार नाही. काडी पहिल्या पायरीवरच अडली. ‘मुळीच’ मात्र पुढे गेला आहे. मुळापासून असा त्याचा अर्थ होता, पण ‘मुळीच झोपलो नाही’, ‘मुळीच आवडलं नाही’ असं बोलताना कोणाच्या मनात मूळ येत नाही. दुसरी चाचणी, ‘नाही’ काढून टाकलं तर वाक्य नकारार्थीच राहतं का? ‘मला मुळीच आवडलं’ हे वाक्यच होत नाही. म्हणजे मुळीच हा टेकू झाला, खांब नाही. फ्रेंच ‘पा’ ही चाचणी पार करून गेला आहे.

आता पुन्हा गोंडीकडे, कारण भंडाऱ्याचा खरा नवलाचा भाग तिथे आहे.

‘वायोन’ शब्दाला जरा उलगडून पाहू. ‘मी आलो’ला गोंडीत ‘वातोन’ म्हणतात. ‘वा’ म्हणजे येणे, ‘त’ भूतकाळ दाखवतो, ‘ओन’ हा ‘मी’चा प्रत्यय. ‘वायोन’मध्ये येणे आहे, ‘ओन’ आहे. काळ दाखवणारं काही नाही, आणि नकार म्हणून बोट ठेवावं असं वेगळं अक्षरही नाही. क्रियापदाला काळाचा प्रत्यय न लावता थेट माणसाचा प्रत्यय जोडला की तो नकार! काही अभ्यासक या जागी जुना ‘अ’ दडलेला आहे असं मानतात, पण कानाला तो वेगळा लागत नाही. ही गोंडीची खासगी युक्ती नव्हे. द्रविड कुळातली ती फार जुनी ठेव आहे. संगमकाळातल्या तमिळमध्ये ती आहे, जुन्या कन्नडमध्ये ‘माडेन्’ म्हणजे मी करत नाही असा अर्थ होता, आणि तेलुगूत ती आजही रोज वापरात आहे. ‘चेस्तानु’ म्हणजे मी करतो किंवा करीन, ‘चेय्यनु’ म्हणजे मी करणार नाही.

नकार इतका अबोल असेल, की तो प्रत्ययाच्या रिकाम्या जागेतून ओळखावा लागतो, तर त्याला टेकू लागणार हे उघड आहे. आणि टेकू द्रविड भाषांच्या घरातच होता. ‘नसणे’ या अर्थाचं एक स्वतंत्र क्रियापद. तमिळमध्ये त्याचं रूप ‘इल्लै’, कन्नडमध्ये ‘इल्ल’. गोंडीत ते प्रदेशागणिक बदलतं, कुठे ‘सिल्ले’, कुठे ‘हिल्ले’, दक्षिणेकडे ‘इल्ले’. आधी स, मग त्याचा ह, मग तोही गळलेला, असा गोंडीचा एक उतारच नकाशावर दिसतो. घरात मीठ नाही, हाताशी माणूस नाही, अशा ठिकाणी हा शब्द आपल्या हक्काच्या जागी असतो. पण गोंडीने तोच शब्द उचलून आधीच नकारार्थी असलेल्या ‘वायोन’पुढे आणून ठेवला. ‘पाणी नाही’मधला नाही, ‘येत नाही’ला आधार द्यायला आला.

यातलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे कसं ओळखायचं? गोंडीचे फ्रेंचसारखे हजार वर्षांचे कागद नाहीत. पण बहिणी आहेत. क्रियापदाच्या पोटातला नकार जुन्या तमिळमध्ये, जुन्या कन्नडमध्ये, तेलुगूत सगळीकडे सापडतो, म्हणजे तो सगळ्यांच्या आईकडून आलेला. ‘हिल्ले’ पुढे ठेवण्याची पद्धत मात्र तशी सर्वत्र नाही, म्हणजे ती नंतरची. चक्र पुढे कसं जाईल याचा एक नमुना कन्नडमध्ये आहे. तिथे बोलण्यातून ‘माडेन्’ची पद्धत नाहीशी झाली आणि सगळा भार ‘इल्ल’वर आला. मी केलं नाही, ‘नानु माडलिल्ल’. त्यांनी केलं नाही, ‘अवरु माडलिल्ल’. मी असो की ते असोत, शेवटचा ‘इल्ल’ तोच. गोंडी आज दोन नकारांच्या मधल्या पायरीवर उभी आहे. कन्नड ती पायरी गोंडीसारखी चढली की वेगळ्या वाटेने आली, हा वेगळा प्रश्न, पण पोचली ती एका नव्या नकारापाशी.

गोंडीबद्दल अशी माहिती मिळवण्याची पहिली मोठी सरकारी खटपट ग्रियर्सनच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ची. त्यातला मराठीचा खंड १९०५ साली आणि मुंडा-द्रविड भाषांचा खंड १९०६ साली निघाला. दोन्ही खंड सिद्ध केले स्टेन कोनोव या नॉर्वेच्या पंडिताने. उत्तर युरोपातला एक माणूस आपल्याकडच्या गोंडीचे नमुने छापत होता आणि दहाएक वर्षांनी शेजारच्या डेन्मार्कमधला दुसरा माणूस नकाराचं चक्र मांडत होता.

आता वाचकाला वाटेल की मराठी या भानगडीपासून दूर आहे. दूर नाही. मराठीचं चक्र वेगळ्या वाटेने फिरलं एवढंच.

तेराव्या शतकाच्या अखेरीची मराठी घ्या, महानुभावांच्या लीळाचरित्राची. चक्रधरांचा एक शिष्य नीळभट भांडारेकार भंडाऱ्याचाच, तेव्हा ती भाषा या मुलखाला परकी नव्हती. त्या काळच्या मराठीत ‘न’ क्रियापदाच्या पुढे उभा असे आणि पुष्कळदा त्याच्यात मिसळून जाई. जाणत नाही म्हणजे ‘नेणे’, देत नाही म्हणजे ‘नेदी’, लागत नाही म्हणजे ‘नलगे’. हा ‘न’ आज मुख्य वाक्यातून जवळपास हद्दपार झाला आहे. तो उरला आहे आडोशाला, न बोलता, न सांगता, न केलेलं अशा रूपांत, आणि म्हणींत. ‘न कर्त्याचा वार शनिवार’ ही म्हण त्याला सांभाळून आहे. दुसरी एक पिढी ‘ना’ची. तो क्रियापदाच्या मागे जाऊन चिकटला. पाऊस थांबेना, झोप येईना, नाचता येईना अंगण वाकडं. आपल्याकडे ही रूपं ठरावीक ठिकाणीच येतात, पण गोव्यात कोंकणीने याच वाटेवर घर बांधलं. ‘हांव वचना’, मी जात नाही. कोंकणीत हे रोजचं बोलणं आहे.

मराठीत मात्र बाजी मारली ‘नाही’ने, आणि ‘नाही’ हा नुसता नकार नाही. तो क्रियापद आहे. आहे, आहेस, आहेत. नाही, नाहीस, नाहीत. दोन्ही रांगा एकमेकींच्या सावल्या आहेत, कारण ‘न’ आणि ‘आहे’ जुळूनच ‘नाही’ झाला. म्हणून ‘घरात कोणी नाही’ या वाक्यात ‘आहे’ लागत नाही, तो आत आहेच. ‘मी करत नाही’ याचाही मूळ ढाचा ‘करत असलेला मी नाही’ असा आहे. ‘नसणे’ दाखवणारा शब्द सगळ्या क्रियापदांचा नकार होऊन बसला. गोंडीत ‘हिल्ले’ने जे केलं, तेच मराठीत ‘नाही’ने केलं. फरक एवढाच की गोंडीत जुना नकार पाय रोवून आहे, मराठीत जुन्याला बाजूला सारून नवा आला.

विल्यम क्रॉफ्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ साली या दुसऱ्या वाटेचं चक्र मांडलं. ‘आहे’चा नकार वेगळा असतो, मग तोच सगळ्या क्रियापदांचा नकार होतो, मग त्यातला ‘आहे’ लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि शेवटी त्याला पुन्हा ‘आहे’ जोडावा लागतो. यातली शेवटची पायरी वाचून मला आधी हिंदी आठवली. ‘नहीं’मध्येही एक ‘है’ दडला आहे असं अनेकांचं मत आहे. तरी हिंदी म्हणते, ‘घर में कोई नहीं है’. मग आपल्याच कानात घुमणारा एक शब्द आठवला. ‘तो घरी नाहीये.’

‘नाहीये’ सोडवून पाहा. नाही अधिक आहे. आणि नाही म्हणजे न अधिक आहे. म्हणजे न, आहे, आहे. मला माहीत नाहीये, ते येत नाहीयेत, तू ऐकत नाहीयेस. शुद्धलेखनाचे कैवारी यावर चिडतात. घरी नाही म्हटलं की पुरे, ये कशाला, असं म्हणतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण भाषा हिशेबाने चालत नाही. ‘नाही’तला ‘आहे’ आता कानाला ऐकू येत नाही, म्हणून लोकांनी बाहेरून एक नवा आणून लावला. त्यात नवा अर्थही मिळाला. ‘मी चहा घेत नाही’ म्हणजे मला चहाची सवय नाही. ‘मी चहा घेत नाहीये’ म्हणजे आत्ता, या घडीला. ही सोय नुसत्या ‘नाही’ला करता येत नव्हती. ‘नाहीये’ चूक आहे असं मी म्हणणार नाही.

आणि विदर्भात चक्राचा आणखी एक दात फिरताना ऐकू येतो. पुस्तकी मराठीत ‘ते आले नाहीत’, शेवटी त हवाच. नागपूर-भंडाऱ्याकडे बोलताना ‘ते आले नाही’ सर्रास येतं. हेही पुण्याकडच्या कानांना खटकतं, आणि दोष हिंदीला दिला जातो. हिंदीचा हात असेलच. पण तो ‘त’ गळणं म्हणजे काय ते पाहा. क्रियापद असलेला ‘नाही’ माणसाप्रमाणे बदलतो. मी, तू, ते, प्रत्येकाला वेगळा. तो बदलणं थांबलं की ते क्रियापद उरत नाही, नुसता नकाराचा शब्द होतो. पुस्तकी मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडीही ‘ते नाही येणार’ हे ‘ते येणार नाहीत’इतकंच सहज येतं. शब्द क्रियापदाच्या आधी सरकला की तिथेही त गळतो. कन्नडचा ‘इल्ल’ ज्या ठिकाणी जाऊन थांबला, त्याच दिशेला ‘नाही’ वळला आहे, आणि ‘न’ जिथून निघाला होता ती क्रियापदाआधीची जागाही त्याला पुन्हा मिळते आहे.

या चक्राला वेळापत्रक नसतं. इंग्रजीने काही शतकांत फेरा पूर्ण केला, फ्रेंच लेखी भाषेत आजही मधल्या पायरीवर अडून आहे, आणि तेलुगूला आपला अबोल नकार सोडायची घाई नाही. शाळा, छापखाना आणि पाठ्यपुस्तकं चाक धरून ठेवतात. ज्या बोलीला हे काही मिळालं नाही ती मोकळी फिरते. म्हणूनच गोंडीत आत्ता काय चाललं आहे हे महत्त्वाचं आहे. ‘हिल्ले’ ज्या दिवशी ‘वातोन’सारख्या साध्या होकारार्थी क्रियापदापुढे येऊन एकट्याने नकार पेलू लागेल, त्या दिवशी टेकूचा खांब झाला असं म्हणता येईल.

साकोली, लाखनी, गोंदिया, गडचिरोली या भागात ज्यांच्या घरात गोंडी बोलली जाते त्यांना एक विनंती आहे. आजी-आजोबा ‘हिल्ले’ कधी लावतात आणि कधी नुसतं ‘वायोन’ म्हणतात, आणि नातवंडं त्याच जागी काय म्हणतात, ते गावाच्या नावासह वहीत टिपून ठेवा किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करा.